पुढचा प्रश्न आणि पूर्णविरामबाई

पूर्णविरामबाईंनी भर परीक्षेत परीक्षकाला "आधी डोकं दाखवून या डॉक्टरला" असं तोंडावर सुनावलं, म्हणून त्यांना नापास केलं, ही बातमी इमारतीत शिरली ती इस्त्रीवाल्याच्या गाठोड्याबरोबर. तळमजल्यावरच्या काकूंनी ती गरमागरम हातात घेतली, दोन-चार फोडण्या दिल्या आणि वर पाठवली. सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत परीक्षकाच्या डोक्याला टाकेसुद्धा पडले होते.

आता खरं काय ते ऐका. बाईंनी कुणालाही सुनावलं नव्हतं. तेवढा दम त्यांच्यात असता तर त्यांना हे नाव कशाला पडलं असतं? परीक्षकाने विचारलं होतं, "म्हाताऱ्या माणसांनी मुलांजवळ राहावं, असं तुम्हाला वाटतं का?" त्यावर बाई अगदी नम्रपणे, हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "ते डॉक्टर सांगतील."

बस. इतकंच. परीक्षकाने प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला. बाईंनी उत्तर त्याच शब्दांत दिलं.

बाई इस्पितळात नर्स. केस मधोमध पांढरे झालेले, चालणं असं की येताना चाहूल नाही आणि जाताना पत्ता नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे काकूंनी गेली कित्येक वर्षं जिन्यात उभं राहून विचारलं; उत्तर मिळालं, "राहिलं." कुठे निघालीस? "कामाला." एवढ्या लवकर? "हो." आई कशी आहे? "आहे." त्या एका शब्दाच्या मागे असं टिंब ठोकलेलं असायचं की पुढे बोट घालायला फट नाही. पूर्णविरामबाई हे नाव काकूंनीच ठेवलं, आणि वर म्हणाल्या, "या बाईशी बोलणं म्हणजे बंद दुकानाच्या शटरशी घासाघीस करणं."

मग आई गेली. बाईंच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. सुट्टी संपवून बाई कामावर आल्या तेव्हा त्या खाटेची चादर बदलायचं काम त्यांच्याच वाट्याला आलं. त्यांनी बदलली. कोपरे घट्ट खोचले, उशी झटकली, नवा रुग्ण आणून झोपवला. काही वाटलं नाही. आत कुणी भूल दिल्यासारखं झालं होतं. टोचलं तर कळत होतं की टोचलं, दुखत मात्र नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खाट, पुन्हा कोपरे. घरी येऊन बाई स्वयंपाकघरात उभ्याने पाव खायच्या आणि आईची खुर्ची जिथे होती तिथेच ठेवून, तिला वळसा घालून झोपायला जायच्या.

परदेशात राहणारी त्यांची थोरली बहीण मात्र बोलण्यात बाईंच्या वाटणीचंही बोलून टाकणारी. तिने फोनवर धडाका लावला. "इथे वृद्धांच्या निवासात नर्स हवी आहे. मी बोलून ठेवलंय. तू फक्त इथल्या भाषेची परीक्षा दे. ऐकतेस ना? ऐकतेस का गं?"

"हो, ताई."

"यायचंय की नाही?"

तिकडे जाऊन काय करायचं हे बाईंना ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की उद्या पुन्हा ती खाट आहे, परवा पुन्हा आहे.

"यायचंय," त्या म्हणाल्या.

वाचणं, लिहिणं, ऐकणं, हे तिन्ही भाग बाईंनी पहिल्या झटक्यात काढले. औषधांची बारीक अक्षरं वाचून डोळे तयार झालेले. अडलं ते बोलण्यात. समोरासमोर बसून बोलायची ती परीक्षा. पहिल्या वेळी 'डॉक्टर सांगतील' झालं. दुसऱ्या वेळी त्याहून बरं झालं आणि म्हणूनच जास्त वाईट झालं. निवासवाल्यांनी कळवलं, अजून एकदा वाट पाहू, मग ती जागा दुसऱ्या कुणाला देऊ. म्हणजे आता तिसरी खेप, आणि शेवटची.

दुसऱ्या खेपेचं पाप मास्तरांचं. हे मास्तर धोबीखान्याच्या वरच्या खोलीत भाषेचा क्लास चालवायचे. पोट पुढे, चष्मा कपाळावर, आणि बोलणं कायम खडू हातात असल्यासारखं. त्यांनी सगळ्या वर्गाला एक ठेवणीतली आठवण घोकून घेतली होती: एक तळं, एक होडी, मावळतीचं ऊन आणि लहानपणची मैत्रीण. प्रसंग कुठलाही येवो, होडी त्यात ढकलायची. बाईंनी ती पाठ केली, एक शब्द न चुकता म्हटली. परीक्षक ऐकत राहिला. संपल्यावर त्याने सहज विचारलं, "त्या मैत्रिणीशी आता काय बोलणं होतं तुमचं?"

होडीत बसलेल्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, हे मास्तरांनी सांगितलंच नव्हतं. परीक्षकाने अजून सोपं केलं, "ती कशी आहे स्वभावाने?" बाई गप्प. त्याच सकाळी त्याच होडीतून आणखी किती जण गेले असतील देव जाणे. परीक्षकाला तळ्याचा तळ एव्हाना पाठ झाला असणार.

"माझं चुकलं, सिस्टर," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, म्हणजे आता गंभीर. "पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं. आणि कळलं की ते तुम्हाला पाठ नसलेल्या जागी नेतात. त्यात दुष्टपणा नाही. त्यांना तुमचं स्वतःचं बोलणं ऐकायचं असतं. चला, मी परीक्षक. तुमच्या शहरात वाहनं फार झाली आहेत का?"

"हो."

"का बरं?"

बाईंच्या ओठांवर काय आलं ते मास्तरांना दिसलं.

"डॉक्टर सांगतील म्हणणार होतात!"

"हो."

मास्तर इतके हसले की खालून धोब्याने छताला काठी मारली. मग हसणं ओसरलं आणि ते बाईंकडे बघत राहिले. "कुठून आलं हो हे तुमच्यात?"

बाईंनी सांगितलं, त्यांच्या मानाने पुष्कळच. वॉर्डात नातेवाईक विचारतात. बरे होतील ना? घरी कधी सोडणार? हा ताप का उतरत नाही? नर्सने काही बोलायचं नसतं. बोललेलं अंगाशी येतं. नव्या आलेल्या मुलींना बाई स्वतः शिकवायच्या: पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं तर दुसरा येतो, दुसऱ्याला दिलं तर तुम्ही अडकलात. म्हणून पहिल्यालाच म्हणायचं, डॉक्टर सांगतील, आणि चालायला लागायचं.

"वा," मास्तर म्हणाले. "म्हणजे पुढचा प्रश्न येऊच नये, याची तुमची इतक्या वर्षांची तालीम. आणि ही परीक्षा सगळी पुढच्या प्रश्नाचीच. तुम्ही उत्तर देत नाही, सिस्टर, दार लावता."

मग त्यांनी समजावलं, या वेळी घोकंपट्टीशिवाय. परीक्षक पोलीस नाही; तुमचं मत बरोबर की चूक, खरं की खोटं, याला गुण नाहीत. भाषा वाहते का, हे तो बघतो. 'का' विचारलं की कारण द्या, कारणाला एखादा प्रसंग जोडा. प्रश्न कळला नाही तर सरळ म्हणा, पुन्हा सांगाल का. त्याने काही बिघडत नाही. उत्तर ठाऊक नसेल तर 'माहीत नाही' म्हणायलाही हरकत नाही, पण तिथे थांबायचं नाही. "'माहीत नाही' नंतर 'पण' आला पाहिजे. 'पण' म्हणजे दारात अडकवलेला पाय. आणि तो तोंडावर काही दाखवणार नाही. मान हलवेल, टिपून घेईल, मधेच तोडेल. मनाला लावून घेऊ नका; वेळ संपली की तोडायचं, हा त्याचा नियम."

"सवय कशी करायची?"

"दिवसभर पुढचे प्रश्न विचारणारं कुणी आहे का घराजवळ?"

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. आयुष्यात क्वचित यायचं असं काहीतरी त्यांच्या ओठाच्या एका कोपऱ्याला आलं आणि गेलं.

"आहे," त्या म्हणाल्या.

"मग आधी आपल्याच भाषेत तोंड उघडा. परकी भाषा मागून येईल."

दुसऱ्या दिवशी बाई कामावरून परतल्या तेव्हा काकू नेहमीप्रमाणे जिन्याच्या पायथ्याशी, निवडायचं ताट मांडीवर घेऊन ठाण मांडून होत्या. काकूंचं निवडणं म्हणजे निमित्त. त्या भाजीपेक्षा माणसं जास्त निवडायच्या.

"आलीस?"

"आले." बाईंचा पाय पहिल्या पायरीवर होता. तो त्यांनी खाली घेतला. "आज उशीर झाला, कारण एकाची सलाईन पुन्हा लावावी लागली."

काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "कुणाची गं?"

"एका सुताराची. शीर सापडत नव्हती."

"का सापडत नव्हती?"

"माहीत नाही. पण..." बाई थांबल्या. काकू पुढे झुकल्या. "पण माणूस घाबरला की शिरा आत पळतात. तो घाबरला होता."

"कशाला घाबरला होता?"

काय सांगावं! असा परीक्षक पैसे मोजून मिळायचा नाही. काकू थकत नव्हत्या, तोडत नव्हत्या, टिपून मात्र सगळं घेत होत्या आणि तासाभरात इमारतभर वाटतही होत्या. सुताराची शीर दुसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा तिचा हृदयविकाराचा झटका झाला होता. बाई रोज उभ्या राहायच्या. सुरुवातीला वाक्य ओढून काढावं लागे, सुकलेली पट्टी ओढावी तसं. नंतर ओढावं लागेना. त्यात आनंद होत होता असं नाही. तोंड चालत होतं, एवढंच. बाकी सगळं तसंच, भूल दिलेलं.

आईचा विषय काकूंनी एकदाच काढला. "शेवटी काही बोलली का गं ती?"

बाईंनी शटर ओढलं. "नाही."

काकूंनीसुद्धा त्या दिवशी पुढचा प्रश्न गिळला. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे म्हणून सांगितली.

तिसऱ्या खेपेला परीक्षक एक स्त्री होती. लहान खोली, टेबल, दोन खुर्च्या, बोलणं टिपून घेणारं यंत्र, आणि परीक्षकबाईंकडे तोंड केलेलं घड्याळ. ओळखपत्र पाहून झालं, यंत्र सुरू झालं. काम काय करता, घर कसं आहे, सकाळ आवडते की संध्याकाळ, हे सोपे प्रश्न बाईंनी काकूंना दिली असती तशी उत्तरं देऊन पार केले. मग पुढ्यात कागद, पेन्सिल आणि एक कार्ड आलं. त्यावर विषय: तुम्ही कशाची तरी खूप वाट पाहिली, असा प्रसंग सांगा. विचार करायला एक मिनिट, मग थोडा वेळ सलग बोलायचं.

बाईंनी कागदावर लिहिलं: बस. बसची वाट पाहिल्याचं त्या बोलल्या. पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, बस उशिरा आली, त्या चढल्या. होडीपेक्षा खरं, पण पाण्यासारखं बेचव. ठरलेला वेळ भरायच्या आतच बस मुक्कामी पोचली. परीक्षकबाईंनी कार्ड परत घेतलं. चेहऱ्यावर काही नाही. आता शेवटचा भाग. विषय तोच, प्रश्न मोठे.

"लोकांना जिथे वाट पाहावी लागते, तिथे त्यांच्यासाठी काय करता येईल?"

"खुर्च्या," बाई म्हणाल्या.

टिंब. ते पडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला.

"खुर्च्यांशिवाय?"

"माहिती द्यावी. काय चाललंय ते कळलं तर वाट पाहणं सोपं जातं."

"उदाहरणार्थ, कुठे?"

"इस्पितळात."

"तिथे ही माहिती कुणी द्यावी?"

आलं. जिभेच्या टोकावर येऊन बसलं, इतक्या वर्षांचं पाळलेलं मांजर बसावं तसं. बाईंनी तोंड उघडलं आणि ते बाहेर पडलं, "डॉक्टर."

परीक्षकबाईंनी मान हलवली. घड्याळाकडे बघितलं. दुसऱ्या प्रश्नाकडे जाण्यासाठी त्यांचं बोट कागदावर सरकलं.

"पण," बाई म्हणाल्या.

बोट थांबलं.

"पण डॉक्टर दिवसातून एकदा येतो. नर्स सारखी तिथे असते. नर्सने द्यावी. नर्स देत नाही."

"का देत नाही?"

"कारण ती भिते. बरे होतील म्हटलं आणि झाले नाहीत, तर लोकांना तिचा चेहरा आठवतो. म्हणून ती म्हणते, डॉक्टर सांगतील. मी हे रोज म्हणते. नव्या मुलींना मीच शिकवलं."

"ही पद्धत योग्य आहे, असं तुम्हाला वाटतं?"

"वाटत होतं." बाईंचा आवाज सपाट होता, ड्यूटी बदलताना ताप आणि नाडीचे आकडे वाचावेत तसा. "मग माझी आई माझ्याच वॉर्डात आली. मी सुट्टी घेऊन तिच्याजवळ बसले. साध्या कपड्यांत. आईचा श्वास बदलला. त्याचा अर्थ काय, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिथल्या नर्सला विचारलं, आई बरी होईल ना? ती मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली. ती म्हणाली, डॉक्टर सांगतील. आणि चालायला लागली. अगदी बरोबर म्हणाली. मी शिकवलं होतं तसंच."

भाषेच्या चुका ढीगभर झाल्या. मास्तरांनी ऐकल्या असत्या तर चष्मा फेकला असता. परीक्षकबाईंनी चेहरा हलवला नाही, नियमच तो.

"मग तिने काय म्हणायला हवं होतं?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. खोलीत यंत्राचा लहानसा दिवा जळत होता. त्या दिव्याकडे बघत त्यांनी पुढचं वाक्य शोधलं, आणि ते होतं. "पण मला उत्तर नको होतं. उत्तर मला येत होतं. तिथे दुसरी खुर्ची होती, भिंतीला लावलेली. ती ओढून ती मुलगी जरा वेळ बसली असती, तर मी तिला आईविषयी काहीतरी सांगितलं असतं. म्हणजे ती आई आधी कशी होती, ते. आई फार..."

"थँक्यू," परीक्षकबाई म्हणाल्या. "परीक्षा इथे संपली."

यंत्राचा दिवा विझला. 'फार' नंतरचा शब्द बाईंच्या तोंडातच राहिला. त्या उठल्या, खुर्ची टेबलाला लावली, पेन्सिल सरळ ठेवली आणि बाहेर आल्या. बाहेर बाकावर बसलेल्यांनी घेरलं, काय विचारलं, काय विचारलं? "वाट पाहणं," बाई म्हणाल्या आणि बसथांब्यावर जाऊन खरंच वाट पाहत उभ्या राहिल्या. रडू आलं नाही. हलकंही वाटलं नाही. भूक मात्र लागली, बऱ्याच दिवसांनी.

दुपारी त्या कामावर होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा होता आणि त्याच्या पायाशी त्याची सून उभी. "सिस्टर, मामंजी बरे होतील ना?"

"डॉक्टर सांगतील," बाई म्हणाल्या आणि चालायला लागल्या. सवय काही एका परीक्षेने जात नाही. दारापर्यंत गेल्या. तिथून परत आल्या. भिंतीजवळची खुर्ची ओढून सुनेला बसवलं, दुसरी आणून स्वतः बसल्या. थोड्या वेळाने सून आपणहून सांगायला लागली की मामंजी रेडिओ दुरुस्त करायचे, आणि घरात एकही धड चालायचा नाही. बाईंनी विचारलं, "का बरं?"

निकाल आला. हवे होते तेवढेच गुण, त्याच्या वर अर्धाही नाही. मास्तरांनी वर्गात पेढे वाटल्यासारखा चेहरा केला आणि त्याच दिवशी होडी फळ्यावरून कायमची पुसली. ताईने फोनवर आनंदाने इतकं बोलून घेतलं की बाईंना निकाल सांगायचा राहिलाच. तिने तो गृहीत धरला. बाईंनी फोन ठेवला, आईच्या खुर्चीवर जरा वेळ बसल्या. इतके दिवस वळसा घातलेल्या खुर्चीची गादी एका बाजूला खचलेली होती, हे त्यांना आज कळलं.

संध्याकाळी सामान बांधायला दोरी आणायला त्या खाली उतरल्या. काकूंनी ताट बाजूला सारून अख्खा जिना अडवला.

"पास झालीस म्हणे?"

"हो, झाले."

"मग जाणार?"

"जाणार. पुढच्या महिन्यात."

"एकटीच? तिकडे कोण आहे तुझ्या पाठीशी? ताई काय जन्माला पुरणार आहे? आणि थंडी? आणि घराचं काय? खुर्ची कुणाला देणार आईची? आणि मला एक सांग, इतके दिवस एक शब्द सुटत नव्हता तुझ्या तोंडून, मग त्या परीक्षेतल्या बाईपुढे एवढं कसं गं बोललीस? तिने असं विचारलं तरी काय?"

बाई पायरीवर बसल्या. काकूंच्या ताटातली एक शेंग उचलून सोलता सोलता म्हणाल्या:

"काकू, तुमच्यापुढे ती बाई म्हणजे काहीच नाही. वेळ संपली की तिला निदान थांबावं तरी लागतं."